गाडी लागणारी लेक

गेवराईत एखाद्या लेकराला गाडी लागते एवढं कळायचा अवकाश, गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यातून एकेक औषध बाहेर येतं. कुणी सांगतं लिंबू हुंगायला द्या, कुणी आवळा सुपारी, कुणी ओवा. समोरच्या काकूंचा भरवसा वर्तमानपत्रावर. पोटावर कागद ठेवायचा आणि त्यावरून झबलं घालायचं. कोणतं वर्तमानपत्र, आजचं की शिळं, हे विचारलं तर त्या रागावतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "पोटभर खाऊ घाल, रिकाम्या पोटी लागती गाडी." जाऊबाई म्हणतात, "काहीच देऊ नको, पोटात नसंल तर बाहेर यील कुठून?" या दोघींचं एरवीही एकमत होत नाही, पण या बाबतीत दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.

लेक आठ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन पुण्याला दिरांकडे जायचं ठरलं आणि घरात लग्नघरासारखी लगबग सुरू झाली. बीडला किंवा संभाजीनगरला जायचं असतं तर एवढं काही नव्हतं. तो रस्ता म्हणजे सोलापूर-धुळे महामार्ग, सरळ आणि सपाट. शहागडच्या पुलावरून गोदावरी दिसते, तेवढीच काय ती करमणूक. पण पुण्याची गाडी शेवगावावरून जाते. उमापूर, बोधेगाव, बालमटाकळी करत शेवगाव, पुढे तिसगाव, मग करंजीचा घाट चढून नगर, आणि नगरहून शिरूर, रांजणगाव, पुणे. सगळा मिळून सहा-सात तासांचा प्रवास. आमच्या सपाट मुलखातल्या लेकरांना घाट म्हणजे काय ते करंजीलाच कळतं, आणि एकदा कळलं की ती ते साऱ्या गाडीला कळवतात.

मला आधी जाणून घ्यायचं होतं की हे होतं कशानं. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्राला लागूनच, तोल सांभाळणारं एक बारीक यंत्र आहे. त्यात तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांच्यात पाणी असतं आणि डोकं वळलं की ते हलतं. शिवाय दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चुन्याचे बारीक खडे असतात, आणि पुढे-मागे, वर-खाली झालं की ते सरकतात. गाडी वळण घेते तेव्हा कान मेंदूला कळवतो, आपण वळलो, हललो, थांबलो. पण लेकरू पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेलं असतं. त्याचे डोळे कळवतात, काही नाही, सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे बांधावरून भांडणारे दोन भाऊबंद आणि मध्ये सापडलेला तलाठी अशी मेंदूची गत होते. दोघांकडे कागद आहेत आणि दोघांचे कागद खरे आहेत.

यात कानाचा वाटा मोठा आहे, हे फार पूर्वी लक्षात आलं. अमेरिकेतल्या विल्यम जेम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1882 साली मूकबधिर लोकांना गरगर फिरवून पाहिलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना चक्कर आलीच नाही. ज्यांचं तोलाचं यंत्र मुळातच चालत नाही, त्यांना गाडी किंवा बोट लागत नाही, हे पुढे पक्कं झालं. उलट, ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना मात्र लागू शकते. म्हणजे भांडण नुसतं कानाचं आणि डोळ्याचं नाही. पुढच्या क्षणी काय होणार याचा मेंदू जो अंदाज बांधून ठेवतो, तो चुकला की बिघडतं. म्हणून तर ड्रायव्हरला गाडी लागत नाही. वळण कधी येणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण वळवणारा तोच असतो.

पण भांडण डोक्यात असताना शिक्षा पोटाला का? याचा एक अंदाज मिशेल ट्राइसमन यांनी 1977 साली मांडला. माणसाच्या सगळ्या इतिहासात डोळे आणि कान वेगवेगळं सांगू लागण्याचं मोठं कारण एकच होतं, ते म्हणजे विषबाधा. काहीतरी भलतं खाल्लंय असं समजून शरीर पोट रिकामं करतं. हा अंदाजच आहे, पण मला तो पटतो, कारण त्यात लेकराची काही चूक निघत नाही. बिचारीचं शरीर तिला धोतऱ्याच्या बियांपासून वाचवत असतं, आणि आपण तिला "जरा धीर धरता येत नाही का?" म्हणून रागे भरतो.

दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर सुरू होतं, नऊ-दहाच्या सुमारास सगळ्यात जोर असतो, आणि पंधरा-सोळापर्यंत बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. म्हणजे आमचे ऐन भराचे दिवस अजून यायचेत.

आता एक गोष्ट सांगते. ती ऐकून आमच्या भागातले रस्ते बांधणारे कंत्राटदार माझा सत्कार करतील. पोटात ढवळतं ते खड्ड्यांच्या दणक्यांनी नव्हे. सगळ्यात वाईट असतं ते संथ हेलकावणं, साधारण पाच सेकंदांत एकदा जाऊन येणारं. बोटीचं हलणं असंच असतं. सेकंदाला एक किंवा त्याहून जास्त वेगानं बसणाऱ्या धक्क्यांनी हाडं खिळखिळी होतील, पण मळमळ फारशी होत नाही. त्यामुळे जुन्या लालपरीची खडखड आपल्याला वाटते तेवढी वैरी नाही. मऊ स्प्रिंगांवर डुलत जाणारी, काचा बंद असलेली, आत कालच्या प्रवाशांच्या चिवड्याचा वास कोंडलेली थंड गाडी अशा लेकरासाठी जास्त अवघड. अर्थात खड्डे दिसले की ड्रायव्हर ब्रेक मारतो, मग वेग घेतो, पुन्हा ब्रेक मारतो, आणि तो झोका नेमका त्या पाच सेकंदांच्या हिशेबात बसतो. तेव्हा कंत्राटदारांनी हार आणायची घाई करू नये.

घाटात हे सगळं एकदम होतं. वळण, ब्रेक, गिअर, पुन्हा उलटं वळण. नळ्यांमधलं पाणी एका बाजूला गेलेलं असतं, ते स्थिर व्हायच्या आत दुसऱ्या बाजूचं वळण येतं. करंजीचा घाट काही फार मोठा नाही. वरंध किंवा आंबेनळी उतरलेले लोक त्याला घाट म्हणायलाही तयार होणार नाहीत. पण तो शेवगावचा रस्ता झाल्यावर, दोन-अडीच तासांनी येतो. तोवर लेकरानं काय केलेलं असतं, यावर तो घाट कसा जाणार हे ठरतं.

म्हणून माझ्या तयारीत सगळ्यात वरचा क्रमांक जागेचा. मागच्या चाकांच्याही मागे जो गाडीचा भाग असतो, तो वळणावर आणि खड्ड्यावर सगळ्यात जास्त झोका घेतो, आणि आपली गर्दीची माणसं लेकराला घेऊन नेमकी तिथेच जाऊन बसतात, कारण तिथे जागा मिळते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला पट्टा सगळ्यात शांत असतो. पण नुसतं शांत असून भागत नाही, समोरचा रस्ताही दिसायला हवा, कारण डोळ्यांची साक्ष कानाशी जुळवायची आहे. मी चार दिवस आधी आरक्षण करताना नकाशावर पुढची तिसरी रांग धरली, दाराच्या बाजूची. ड्रायव्हरच्या थेट पाठीमागे बसलं की केबिनची भिंत दिसते. दाराच्या बाजूनं पुढची काच बरीच मोकळी मिळते. लेकीचं वय पाच ते बाराच्या मधलं आणि माझं तिकीट महिलांचं, म्हणजे दोघींचं अर्धं अर्धं. एका पूर्ण तिकिटात दोन जागा मिळाल्या आणि सासूबाई तेवढ्यावरच खूश झाल्या.

पुढच्या जागेला एक तोटा आहे. पहाटेची गाडी असली की ड्रायव्हर देवापुढे अगरबत्ती लावतो. वासानं या लेकरांचं आधीच वळवळणारं पोट उसळतं. अगरबत्ती, डिझेल, मोगऱ्याचा गजरा, कुणाच्या डब्यातलं उकडलेलं अंडं, कशानंही. अगरबत्ती विझवा असं म्हणायची सोय नाही. तेव्हा आपली खिडकी चार बोटं सरकवून ठेवायची आणि देवाला मनातल्या मनात समजावायचं.

खाण्याचं आता सांगते. पोट रिकामं असलं तरी मळमळतं, गच्च भरलं तरी मळमळतं. गाडी आठची होती, मी सहालाच तिला गरम वरणभात दिला, चार घास, वर तूप नाही. आमच्याकडे प्रवासाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेल्याशिवाय प्रवास झालाच असं कुणी मानत नाही, पण तेलकट आणि तिखट या पोटाला चालत नाही. मी दशमी केली, ज्वारीचं पीठ दुधात भिजवून, आणि तिचे बोटाएवढे तुकडे डब्यात भरले. तासाभरानं एक तुकडा, दोन घोट पाणी. सासूबाई डब्याकडे बघून म्हणाल्या, "लेकरू पुण्याला चाललंय का उपासाला बसलंय?" मी धपाटे माझ्यासाठी घेतले, पण ते नगर येईपर्यंत उघडायचे नाहीत, असं स्वतःला बजावून.

औषधाबाबत एक सांगायला हवं, कारण दुकानात गेलं की उलटीचं म्हणून जे पटकन हातात पडतं ते बहुतेकदा ऑन्डनसेट्रॉन असतं. पोट बिघडून उलट्या झाल्या तर ते चांगलं काम करतं, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. उलटीचा हा रस्ता वेगळा आहे. तो कानाकडून येतो, आणि त्यावर चालतात ती जुनी, झोप आणणारी सर्दी-खाजेवरच्या घराण्यातली औषधं, म्हणजे प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट. या डायमेनहायड्रिनेटची गोष्ट मजेशीर आहे. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सच्या दवाखान्यात अंगावर पित्त उठलेल्या एका बाईला ते देऊन पाहत होते. तिनं सांगितलं की पित्ताचं काय ते बघा, पण मला जन्मभर ट्राम लागायची ती आता लागत नाही. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर सैनिकांवर त्याची परीक्षा घेतली. म्हणजे जगभरच्या प्रवाशांचं औषध एका बाईच्या दवाखान्यात जाण्या-येण्यातून सापडलं. आपल्याकडे ती बाई एसटीनंच आली असती.

ही औषधं निघायच्या अर्धा ते एक तास आधी द्यायची. मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम थांबवतं, औषध तिथेच पडून राहतं आणि मग सगळ्याबरोबर बाहेर येतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच सांगावी. प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कधीच देत नाहीत, कारण श्वास मंदावू शकतो. शिवाय काही लेकरं या औषधानं झोपायच्या ऐवजी उलट नाचायला लागतात. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एका रविवारी घरीच देऊन पाहिलं. लेक दुपारभर गाढ झोपली. जाऊबाईंनी त्या औषधाचं नाव एका कागदावर उतरवून घेतलं, कशासाठी ते विचारलं नाही. आल्याचे तुकडे आणि मनगटावरचे दाबपट्टे यांच्याबद्दल उलटसुलट अनुभव आहेत. त्यांनी अपाय होत नाही, एवढं खात्रीनं म्हणता येतं. पोटावरचं वर्तमानपत्र मात्र मी घेतलं, पण दुसऱ्या कामासाठी.

ते काम पिशवीचं. एवढं सगळं करूनही व्हायची ती उलटी होऊ शकते, आणि तेव्हा लेकराचं डोकं खिडकीबाहेर काढायचं नसतं. समोरून ट्रक येतो हे तर आहेच, शिवाय गाडीचा वारा सगळं मागच्या खिडकीत नेऊन टाकतो. त्या खिडकीत बसलेल्या माणसाचा दोष एवढाच, की त्यानं हवेसाठी काच उघडली. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ पिशव्या मिळेनाशा झाल्या ते एका परीनं बरं झालं, त्या नेमक्या वेळी तळातून फाटायच्या. मी एक लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवते. अर्ध्या लिटरचं तोंड लहान पडतं, आणि हलत्या गाडीत नेम साधणं लेकराला जमत नाही. पिशवीचं वरचं टोक अख्खं कापायचं, पाणी भरून ती गळते का बघायचं, काठ बाहेर दुमडायचा म्हणजे तोंड उघडं राहतं, आणि तळाशी वर्तमानपत्राचे तुकडे टाकायचे. तुकडे ओल शोषतात, पिशवी हिंदकळत नाही. समोरच्या काकूंना मी सांगितलं, तुमचं वर्तमानपत्र घेतलंय. त्या समाधानानं म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं का?"

आठला गाडी निघाली. मोबाइल माझ्या पिशवीच्या तळाशी होता, कारण हातातल्या हलत्या पडद्याकडे बघणं म्हणजे डोळ्यांना खोटी साक्ष शिकवणं. त्याऐवजी दूरचं बघायचा खेळ काढला. पुढचा मैलाचा दगड आधी कोणाला दिसतो, आणि त्याचं डोकं पिवळं आहे की हिरवं, म्हणजे रस्ता राष्ट्रीय की राज्याचा. लेक समोरच्या काचेतून नजर काढेना. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर उभी. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर वाटेत भेटत होते, वर बिऱ्हाड, भांडी आणि त्यावर लेकरं. त्या लेकरांना गाडी लागते का, याची चौकशी कोण करणार?

एक गोष्ट मी घरच्यांना निघतानाच बजावली होती, की फोन करून तिला "उलटी येतीय का गं?" असं विचारायचं नाही. विचारलं की लेकरू पोटात डोकावून बघतं, आणि पोटात बघितलं की काही ना काही सापडतंच. विचारायची गरजही नसते. आधी जांभया येतात, झोप नसताना. मग बडबडं लेकरू गप्प होतं. मग ओठांभोवती रंग उतरतो, वरच्या ओठावर घाम येतो, आणि ते सारखं थुंकी गिळायला लागतं. थुंकी गिळू लागलं की पिशवी उघडायची, त्याआधी बराच वेळ हातात असतो.

तिसगाव सोडल्यावर लेकीला दोन जांभया आल्या. तिचं डोकं मी सीटच्या पाठीला टेकवलं, म्हणजे मान वेगळी आणि गाडी वेगळी हलत नाही. खिडकी उघडली, आणि समोर गर्भगिरीचे डोंगर दाखवून म्हणाले, आता गाडी कुठल्या बाजूला वळणार ते तू आधी सांगायचं. हे मला ड्रायव्हरवरून सुचलं होतं. "डावीकडं!" ती ओरडली, आणि अंगही डावीकडे झुकवलं. "उजवीकडं!" शेजारच्या रांगेतले एक आजोबाही खेळायला लागले. त्यांचं निम्म्या वेळा चुकत होतं. घाट चढून संपला तेव्हा ती म्हणाली, "संपला?"

नगरला गाडी बराच वेळ थांबली. मी तिला सांगितलं की एसटीची पहिली गाडी याच नगर-पुणे रस्त्यावर धावली, 1 जून 1948 ला. त्या दिवशी आपलं गेवराई निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे आपल्याला आधी सरहद्द ओलांडून इथवर यावं लागलं असतं. तिनं विचारलं, त्या पहिल्या गाडीत कुणाला गाडी लागली असंल का? मला वाटतं नक्की लागली असेल, पण इतिहासकारांनी ते लिहून ठेवलेलं नाही. धपाटे मी तिथे, फलाटावर, तिच्याकडे पाठ करून खाल्ले.

वाकडेवाडीला उतरलो तेव्हा दीर नवी गाडी घेऊन हजर होते. "वहिनी, एसटीनं हाल झाले असतील ना पोरीचे?" म्हणत त्यांनी तिला मागच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या, एसी लावला, आरशाला टांगलेली गुलाबाच्या अत्तराची बाटली झुलत होती, आणि लेक शांत बसावी म्हणून कौतुकानं तिच्या हातात कार्टून लावलेला स्वतःचा मोबाइल दिला. पुढे सगळे सिग्नल होते, थांब, चाल, थांब. दुसऱ्या सिग्नलला मला जांभई ऐकू आली. मी म्हणाले, "भाऊजी, काच जरा खाली घ्या." ते म्हणाले, "अहो वहिनी, धूर येतो बाहेरचा."

दुधाची पिशवी मी उघडेपर्यंत मोबाइल वाचला. नव्या सीटचं कव्हर वाचलं नाही. त्यानंतर घरापर्यंत गाडीच्या चारही काचा खाली होत्या, आणि लेक पुढच्या सीटवर बसून काकांना सांगत होती, आता डावीकडे वळायचं.